समोच्च रेषांचा नकाशा वाचताना: दरी कोणती, डोंगराची सोंड कोणती आणि चढ किती तीव्र

भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत समोच्च रेषांचा एखादा छोटा नकाशा असतो, त्यावर दोन-तीन अक्षरे लिहिलेली असतात आणि खाली विचारलेले असते की ‘प’ येथे कोणते भूरूप आहे, ‘फ’ येथे कोणते, आणि टेकडीची कोणती बाजू अधिक तीव्र उताराची आहे. ग्वाल्हेरला लष्कर भागात मी घरी भूगोलाच्या शिकवण्या घेते. मुलांची या प्रश्नात जी चूक सर्वांत जास्त वेळा होते ती एकच आहे, ती म्हणजे दरीला डोंगराची सोंड म्हणणे आणि सोंडेला दरी. व्याख्या त्यांना पाठ असतात. चूक होते ती रेषांचा आकार आधी पाहून आकडे नंतर पाहिल्यामुळे, म्हणून हा लेख मुख्यतः त्या एका गोष्टीभोवतीच लिहिला आहे.

समोच्च रेषा म्हणजे समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर असलेली ठिकाणे जोडणारी रेषा. हे वाक्य सगळ्यांना येते, पण ती रेषा जमिनीवर कशी दिसेल हे डोळ्यांपुढे येत नाही. ते दाखवायला आपल्याकडे तिघरा जलाशयासारखे दुसरे ठिकाण नाही. शहराच्या पश्चिमेला सांक नदीवर, शिंदे संस्थानच्या काळात, १९१६ साली झालेले हे धरण ग्वाल्हेरला पाणी पुरवते, आणि पावसाळा आला की ‘तिघऱ्याची पातळी इतके फूट झाली’ अशी बातमी रोज येते. पूर्ण भरल्यावर ती पातळी ७४० फूट असते. बरीच मुले या आकड्याला पाण्याची खोली समजतात, पण ती समुद्रसपाटीपासून मोजलेली उंची आहे. आता विचार करावा की पाणी शांत असताना त्याचा पृष्ठभाग सपाट असतो, म्हणजे काठावरच्या प्रत्येक बिंदूची उंची तितकीच, ७४० फूट. तेव्हा जलाशय भरलेला असताना पाण्याची जी किनार जमिनीवर दिसते तीच ७४० फुटांची समोच्च रेषा होय. उन्हाळ्यात पाणी दहा फूट उतरले की त्याच्या आत दुसरी किनार तयार होते, ती ७३० फुटांची. पाणी ओसरताना काठावर मागे राहणारे ओल्या मातीचे पट्टे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी समोच्च रेषांचा नकाशा प्रत्यक्ष जमिनीवर पाहिलेला आहे.

या किनारीवरून पायी चालण्याची कल्पना करावी. डावीकडे पाणी आहे, उजवीकडे चढ आहे, आणि आपण पाण्याला लागूनच चालायचे ठरवले आहे. वाटेत एखादा नाला जलाशयाला येऊन मिळत असेल, तर पाणी त्या नाल्याच्या खळग्यातून जिभेसारखे आत शिरलेले असते. आपल्याला त्या जिभेच्या काठाने नाल्यात वरच्या दिशेला जावे लागते, नाल्याचा तळ जिथे पाण्याच्या पातळीला येतो तिथे वळावे लागते आणि पलीकडच्या काठाने परत यावे लागते. आपल्या चालण्याचा हा मार्ग कागदावर काढला तर इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार होतो, आणि त्याचे टोक नाला जिकडून येतो तिकडे, म्हणजे उंच भागाकडे असते. पुढे गेल्यावर टेकडीची एखादी सोंड पाण्यात घुसलेली आढळते. तिथे उलट होते. किनार सोंडेला वळसा घालून पाण्याच्या बाजूला जाते आणि परत येते, म्हणून त्या वळणाचे टोक पाण्याकडे, म्हणजे सखल भागाकडे असते. दरीत टोक उंचीकडे आणि सोंडेवर टोक उताराकडे, असा जो नियम पाठ करायला सांगितला जातो त्यामागे एवढीच गोष्ट आहे. ती एकदा डोळ्यांपुढे उभी राहिली की नियम उलटा आठवण्याची भीती उरत नाही.

शब्दांचा थोडा खुलासा इथे करायला हवा, कारण आपल्याकडची मुले शाळेत हिंदी किंवा इंग्रजीतून शिकतात आणि घरी मराठी बोलतात. हिंदी पुस्तकात ज्याला कटक म्हणतात ती आपली डोंगराची धार, म्हणजे लांबवर पसरलेला अरुंद उंच माथा. त्या धारेपासून किंवा एखाद्या टेकडीपासून सखल भागाकडे उतरत गेलेला फाटा म्हणजे सोंड. दोन्हींच्या समोच्च रेषा सखल बाजूलाच फुगतात, म्हणून ओळखण्याची रीत एकच आहे. फरक इतकाच की धार दोन्ही अंगांना उतरते, तर सोंड तीन बाजूंनी उतरते आणि चौथ्या बाजूने डोंगराला चिकटलेली असते.

आता चूक नेमकी कुठे होते ते पाहू. ‘टोक वर आहे’ असे म्हणताना मुलांच्या मनात कागदाची वरची बाजू असते. पण कागदाची वरची बाजू ही उत्तर दिशा आहे. तिथली जमीन उंच असेलच असे नाही. व्हीचा आकार नुसता पाहून दरी आहे की सोंड हे कोणालाही सांगता येत नाही, अनुभवी माणसालाही नाही, कारण दोन्ही आकार अगदी सारखे असतात. ते ठरते ते केवळ रेषांवर लिहिलेल्या आकड्यांवरून. म्हणून नकाशा हाती आला की पहिले काम म्हणजे प्रत्येक रेषेची उंची पेन्सिलने लिहून काढणे. त्यासाठी सराव म्हणून पुढचा नकाशा कागदावर काढून घ्यावा.

नकाशाचे प्रमाण १:५०,००० आहे, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर ५०० मीटर होतो आणि एक मिलिमीटर ५० मीटर. मध्यभागी उत्तर-दक्षिण लांबट टेकडी आहे. तिच्याभोवती सात रेषा आहेत, पण उंची लिहिलेली आहे फक्त दोन रेषांवर: बाहेरून दुसऱ्या रेषेवर २४० आणि पाचव्या, जाड रेषेवर ३००. पूर्वेला सगळ्या रेषा दाटीने आहेत. पश्चिमेला त्या पायथ्याजवळ विरळ आणि माथ्याजवळ जवळजवळ आहेत. पश्चिम उतारावरच ‘प’ जवळ रेषा माथ्याकडे टोक करून आत वळल्या आहेत, आणि त्याच्या दक्षिणेला ‘फ’ जवळ त्या माथ्यापासून दूर, बाहेर फुगल्या आहेत.

पहिला प्रश्न दोन रेषांमधल्या उंचीच्या फरकाचा. २४० आणि ३०० यांच्यामध्ये बिनआकड्यांच्या दोन रेषा आहेत. इथे कितीतरी मुले ६० ला २ ने भागतात आणि ३० मीटर असे उत्तर काढतात. भागायचे असते ते मधल्या जागांच्या संख्येने. दोन रेषा मध्ये असल्या की जागा तीन होतात, म्हणून ६० भागिले ३, म्हणजे २० मीटर. त्यामुळे रेषा बाहेरून आत २२०, २४०, २६०, २८०, ३००, ३२० आणि ३४० मीटरच्या आहेत हे ठरते. जाड रेषा ३०० ची आहे हेही जुळते, कारण भारतीय सर्वेक्षण विभागाच्या या प्रमाणाच्या नकाशांवर दर पाचवी रेषा, म्हणजे २० मीटर अंतर असेल तर दर १०० मीटरची रेषा, जाड काढण्याची पद्धत आहे. आपले गणित चुकले असते तर जाड रेषेचा आकडा असा नीट बसला नसता, म्हणून ही पडताळणी नेहमी करावी.

आता ‘प’ आणि ‘फ’ यांच्यावरून जाणारी, पश्चिम उतारावर उत्तरेकडून दक्षिणेकडे एक सरळ रेघ पट्टीने काढावी आणि ती ज्या ज्या समोच्च रेषेला छेदते तिचा आकडा ओळीने लिहावा. आपल्या नकाशात हे आकडे असे येतात: २८०, २६०, २४०, २४०, २६०, २८०, २८०, २६०, २४०. हे वाचताना एक गोष्ट लक्षात घ्यावी की तोच आकडा लागोपाठ दोनदा आला की जमिनीचा कल तिथे बदललेला असतो. २८० पासून आपण उतरत २४० वर आलो, आणि पुढची रेषा पुन्हा २४० ची आहे. मध्ये २२० ची रेषा लागलीच नाही, म्हणजे या दोन रेषांमध्ये जमीन २४० च्या खाली गेली, पण २२० पर्यंत पोचली नाही आणि परत चढली. हा खळगा म्हणजे दरीचा तळ, आणि ‘प’ तिथेच आहे. पुढे दोन २८० लागोपाठ येतात. तिथे आपण चढत होतो, म्हणजे जमीन २८० च्या वर गेली, ३०० ला पोचली नाही आणि पुन्हा उतरू लागली. हा सोंडेचा माथा, आणि ‘फ’ तिथे आहे.

‘प’ आणि ‘फ’ यांची उंची विचारली तर रेषेवरचा आकडा उत्तर म्हणून देऊ नये. ‘प’ ची उंची २२० पेक्षा जास्त आणि २४० पेक्षा कमी, ‘फ’ ची २८० पेक्षा जास्त आणि ३०० पेक्षा कमी, इतकेच नकाशा सांगतो. त्याहून नेमके सांगायला तिथे उंचीचा बिंदू छापलेला असावा लागतो.

ओढा काढलेला असेल तर दरीला एक जास्तीचा पुरावा मिळतो, कारण ओढा व्हीच्या टोकांमधून जातो आणि सोंडेच्या माथ्यावरून कधीच जात नाही. ओढा कोणत्या दिशेला वाहतो हेही टोकावरून कळते. टोके पूर्वेकडे, माथ्याकडे आहेत, म्हणून पाणी पश्चिमेकडे वाहणार. मात्र कोरड्या भागात लहान घळींमध्ये ओढा काढलेला नसतो, आणि प्रश्नपत्रिकेत तर तो मुद्दामच गाळलेला असू शकतो. आकड्यांची ओळ लिहिण्याची सवय असली तर त्यामुळे काही अडत नाही.

आता चढाची तीव्रता. इथेही तिघराच मदतीला येतो. पाणी दहा फूट उतरले की सपाट काठावर ते कितीतरी पावले मागे सरते आणि ओल्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडतो. उभ्या खडकाच्या काठावर मात्र पाणी तेवढेच उतरूनही मागे सरायला जागाच नसते. उंचीतला फरक दोन्हीकडे सारखा, आडवे अंतर वेगळे. नकाशावर रेषा जवळ असणे म्हणजे तीव्र उतार आणि दूर असणे म्हणजे मंद उतार, याचा अर्थ हाच. पण ही तुलना एकाच नकाशातल्या दोन जागांची करावी. दोन वेगवेगळ्या नकाशांची तुलना करायची तर दोघांचे प्रमाण आणि दोन रेषांमधला उंचीचा फरक सारखा असावा लागतो.

नुसते ‘पूर्व बाजू तीव्र’ एवढे न लिहिता आकडा द्यायचा असेल तर उंचीतला फरक भागिले जमिनीवरचे आडवे अंतर असे करावे, आणि दोन्ही मीटरमध्येच घ्यावेत. आपल्या नकाशावर पूर्वेला २२० पासून ३४० च्या रेषेपर्यंत पट्टीने ६ मिलिमीटर भरतात. ते जमिनीवर ३०० मीटर झाले. उंचीतला फरक १२० मीटर. १२० भागिले ३००, म्हणजे १:२.५, अडीच मीटर पुढे गेले की एक मीटर चढ. पश्चिमेला, ‘प’ ची दरी सोडून तिच्या उत्तरेच्या उतारावर, तेवढ्याच चढाला ३.६ सेंटिमीटर लागतात, म्हणजे १,८०० मीटर. १२० भागिले १,८०० म्हणजे १:१५.

इथे थांबले तर उत्तर बरोबर येते, पण नकाशा पूर्ण वाचला असे होत नाही. पश्चिमेच्या ३.६ सेंटिमीटरांपैकी ३ सेंटिमीटर फक्त २२० ते २८० एवढ्या चढात गेले आहेत, आणि २८० ते ३४० हा चढ उरलेल्या ६ मिलिमीटरांत आहे. म्हणजे खालचा भाग ६० मीटरला १,५०० मीटर, १:२५ चा, आणि वरचा भाग ६० मीटरला ३०० मीटर, १:५ चा. १:१५ हा चढ या संपूर्ण उतारावर कुठेच नाही. ती दोन वेगळ्या उतारांची सरासरी आहे. वरती दाट आणि खाली विरळ अशा रेषा म्हणजे अंतर्वक्र उतार, आणि अशा उताराच्या माथ्यावरून पायथा दिसतो. याउलट वरती विरळ आणि खाली दाट रेषा असल्या तर उतार बहिर्वक्र असतो, त्याचा फुगीर भाग मध्ये येतो आणि पायथा झाकला जातो. ‘माथ्यावरून पायथ्याचे गाव दिसेल का’ या प्रश्नाचे उत्तर या मांडणीत असते.

१:२५ ला मंद उतार म्हणतात खरे, पण तो चालणाऱ्या माणसाच्या मोजमापाने मंद आहे. मुंबई-पुणे मार्गावर भोर घाटात रेल्वेचा चढ १:३७ आहे, आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून जास्तीची इंजिने लावावी लागतात. तेव्हा प्रश्नात ‘इथून रेल्वेमार्ग नेता येईल का’ असे विचारले असेल तर नुसत्या विरळ रेषा पाहून ‘होय’ म्हणू नये, आधी भागाकार करावा.

काही प्रश्नांत उभा छेद काढायला सांगतात. कागदाची पट्टी रेघेला लावून छेदबिंदूंवर खुणा करणे आणि त्या आलेखाच्या कागदावर आपापल्या उंचीला चढवणे हे सगळ्यांना जमते. अडचण येते ती छेद पाहून उतार ठरवताना. खऱ्या प्रमाणात काढले तर आपली १२० मीटरची टेकडी जेमतेम अडीच मिलिमीटर उंच येईल, म्हणून उभे प्रमाण साधारणपणे एक सेंटिमीटरला २० मीटर घेतात. आडवे प्रमाण एक सेंटिमीटरला ५०० मीटर आहे. म्हणजे उंची २५ पट ताणली गेली, आणि १:२५ चा तो पायथ्याचा उतार छेदावर थेट ४५ अंशांचा दिसू लागला. छेदावरून कुठे चढ आहे, कुठे उतार, कुठे दरी हे सांगावे. किती तीव्र हे मात्र नकाशावरच्या अंतरावरूनच काढावे.

आणखी एक सावधगिरी छायाप्रतीची आहे. सरावाचा नकाशा लहान करून छापला असेल तर वर लिहिलेले १:५०,००० हे प्रमाण खोटे ठरते, कारण कागद आकसला तरी अक्षरे तीच राहतात. नकाशाखाली काढलेली रेषाप्रमाणाची पट्टी मात्र नकाशाबरोबरच आकसते, म्हणून शंका असेल तेव्हा अंतर त्या पट्टीवर मोजावे.

हे सगळे आपल्या किल्ल्याच्या डोंगरावर लावून पाहावे. हा डोंगर उत्तर-दक्षिण सुमारे अडीच किलोमीटर लांब, रुंदीला एक किलोमीटरच्या आत आणि आसपासच्या शहराहून सुमारे शंभर मीटर उंच आहे. १:५०,००० च्या नकाशावर तो पाच सेंटिमीटर लांबीचा, चिंचोळा आकार होईल. वीस मीटरच्या हिशेबाने त्याच्या वाट्याला पाचेक रेषाच येतात, आणि त्या सगळ्या कडेला, एकमेकींना जवळजवळ चिकटून असणार, कारण बाजूला उभे कडे आहेत. मधला भाग रिकामा दिसतो. या रिकाम्या जागेला काही मुले खोलगट भाग समजतात. रेषा नसणे म्हणजे उंची न बदलणे, आणि ती उंची किती हे सर्वांत आतल्या रेषेचा आकडा सांगतो. तो मोठा असल्यामुळे हे उंचावरचे सपाट पठार आहे. खरा खोलगट भाग दाखवायचा असला तर बंद रेषेला आतल्या बाजूने छोट्या आडव्या खुणा काढलेल्या असतात.

डोंगराच्या पश्चिम अंगाला उरवाईची घळ आहे, जिच्यातून वाहनांचा रस्ता वर चढतो. तिथे रेषा आत, पठाराकडे टोक करून वळायला हव्यात, आणि लष्कराकडून रस्त्याने वर जाताना दोन्ही हातांना उंच होत जाणारे कडे पाहिले की व्हीच्या दोन बाजू म्हणजे काय हे कळते. याच घळीच्या कड्यांत पंधराव्या शतकात कोरलेल्या जैन मूर्ती आहेत. त्यांतली सर्वांत मोठी आदिनाथांची मूर्ती सुमारे १७ मीटर उंच आहे. दोन समोच्च रेषांमधला फरक २० मीटर असल्यामुळे, मूर्तीचे पाय एका रेषेच्या थोडे वर आणि मस्तक पुढच्या रेषेच्या थोडे खाली असले, तर तेवढा सगळा उभा कातळ दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत राहील आणि नुसत्या रेषांवरून तो तिथे आहे हे कोणाला कळणार नाही.